विचारण्याआधीचं उत्तर

टेक्सासातल्या प्लेनोत राहायला आल्यावर बरीच वर्षं माझं एक ठाम मत होतं. भिशीत, मंडळाच्या कार्यक्रमानंतरच्या चहाला, नव्याने आलेल्या जोडप्यांना पोहे खाऊ घालताना ते मी हमखास ऐकवत असे. इथली माणसं हसून बोलतात, पण जवळ येऊ देत नाहीत. म्हणून आपण आपला आब राखावा, कोणी नीट बोलावल्याशिवाय कुठे जाऊ नये आणि कोणाकडे काही मागू नये. नव्या मुली माना डोलवायच्या. एकीने तर मला सांगितलंही, ‘काकू, तुम्ही आधीच सावध केलंत ते बरं झालं.’

हे मत मी आता मागे घेतलं आहे. ते सगळंच चूक होतं असं मी म्हणत नाही, कारण त्यात काही खरं आहे आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण या अंतरात माझा स्वतःचा वाटा किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. कोणी आपल्याला नाकारायच्या आत आपणच कसे बाजूला होतो आणि मग त्यालाच नकार कसं म्हणतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

माझ्या मताला पुरावा नव्हता असं नाही. प्लेनोचा पुष्कळसा भाग असाच बांधलेला आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तीत गॅरेज घराच्या पाठीमागे असतं. मागच्या अरुंद ॲलीतून गाडी येते, रिमोटने दार वर जातं, गाडी आत जाते आणि दार खाली येतं. दोन घरांमध्ये उंच लाकडी कुंपण असतं. पुढचं दार पार्सलवाल्यापुरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पारा पस्तीस-चाळीसच्या आसपास असतो, त्यामुळे अंगणात कोणी बसत नाही. नॅशनल नाइट आउट, म्हणजे शेजाऱ्यांनी रस्त्यावर एकत्र जमायची संध्याकाळ, देशात बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी असते. टेक्सासात ती उन्हामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी करतात. शेजाऱ्याचा चेहरा महिनोन्‌महिने दिसला नाही तर त्यात कोणाचा दोष नसतो, रचनाच तशी आहे. मी मात्र त्या रचनेतही माणसांचा हेतू वाचत होते.

ॲलीपलीकडे एक टेक्सन बाई राहायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, निवृत्त शिक्षिका. आम्ही आल्यानंतरच्या ऑक्टोबरात तिने सांगितलं, ‘मंगळवारी रस्त्यावर सगळे जमतोय, वेळ असेल तर या.’ मी म्हटलं, ‘बघते.’ साताऱ्याच्या आमच्या घरात पहिल्या बोलावण्याला लगेच ‘हो’ म्हणणं हावरेपणाचं मानलं जायचं. आपण आढेवेढे घ्यायचे, समोरच्याने आग्रह करायचा आणि त्या आग्रहावरून आपण किती हवे आहोत ते ओळखायचं. या बाईने आग्रह केला नाही. ‘ठीक आहे, जमलं तर पाहा,’ म्हणून ती आत गेली. मी निष्कर्ष काढला की ते तोंडदेखलं बोलावणं होतं, आणि गेले नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा सांगितलं. मी नवऱ्याबरोबर गेले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले, कोणी येऊन बोलतंय का ते पाहिलं आणि थोड्या वेळाने निघाले. त्यानंतर बोलावणं आलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, ‘बघितलंस?’ तो काही बोलला नाही. इतक्या वर्षांत तो या प्रश्नाला उत्तर न द्यायला शिकला होता.

याने माझं मत आणखी पक्कं झालं. ते हललं एका मराठी मैत्रिणीमुळे, आणि म्हणूनच तो प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. अंतर जर अमेरिकन माणसांचा स्वभाव असेल, तर ते आपल्या माणसांत पडायला नको. इथे ते जसंच्या तसं पडलं होतं.

ही मैत्रीण कॉइट रोडच्या बाजूला राहते. मुलं एका शाळेत होती, आमची वर्षानुवर्षांची ये-जा होती. एका संक्रांतीला तिच्याकडच्या हळदीकुंकवाचे फोटो मला व्हॉट्सॲपवर दिसले. पंधरा-वीस जणी, काळ्या साड्या, तिळगूळ, वाण लुटताना काढलेले फोटो. मला बोलावणं नव्हतं. मी फोटोंखाली अंगठा टाकला. पुढचे काही महिने तिच्या निरोपांना माझी उत्तरं एकेका शब्दाची झाली. तिने एकदा विचारलं, ‘अगं, रागावलीस का?’ मी लिहिलं, ‘नाही गं, कामात आहे.’ गणपतीत तिला बोलावलं, पण ‘सवड झाली तर ये’ असं. ती आली नाही. तेही मी हिशेबात धरलं.

पुढे एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही दोघी एकाच गाडीतून ऑस्टिनला गेलो. चार तासांच्या रस्त्यात विषय निघालाच. मी म्हटलं, ‘तू मला हळदीकुंकवाला विसरलीस.’ ती म्हणाली, ‘विसरले नाही. मुद्दामच नाही बोलावलं. त्याआधी दरवेळी तू “बघते” म्हणायचीस आणि यायची नाहीस. आलीस तरी कोपऱ्यात बसायचीस आणि सगळ्यांच्या आधी निघायचीस. तुला हे सगळं आवडत नाही असं वाटलं मला. दर वेळी तुला निमित्त शोधायला लावायचं जिवावर आलं.’

म्हणजे तिने मला वगळलं होतं हे खरंच होतं. माझा संशय बरोबर निघाला होता. पण ज्या कारणासाठी मला वगळलं जाईल असं मला वाटत होतं, ते कारण कुठेच नव्हतं. जे कारण होतं ते मी स्वतः, माझ्या प्रत्येक ‘बघते’मधून तिला पुरवलं होतं. माझ्या मनात ते ‘बघते’ म्हणजे ‘मी तुला खरंच हवी आहे का?’ असा प्रश्न होता. तिच्यापर्यंत तो प्रश्न म्हणून कधी पोहोचलाच नाही, पोहोचला तो थेट नकार.

आमची मुलगी जवळच रिचर्डसनच्या विद्यापीठात मानसशास्त्राचा एक विषय घेत होती. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘आई, यावर तर अख्खी प्रश्नावली आहे.’ कोलंबिया विद्यापीठातल्या जेराल्डिन डाउनी आणि त्यांचे सहकारी स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ साली ती प्रसिद्ध केली. नकाराबद्दलच्या या हळवेपणाचं त्यांचं वर्णन नेमकं आहे. अशी माणसं नकाराची काळजीने वाट पाहतात, तो चटकन ओळखतात आणि मग त्याला गरजेपेक्षा तीव्र प्रतिसाद देतात. वाट पाहणं, ओळखणं आणि प्रतिसाद देणं अशा तीन पायऱ्या आहेत, आणि यातली तिसरी पायरी दुसऱ्यांना दिसते.

प्रश्नावली साधी आहे. मूळची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केलेली, अठरा प्रसंगांची, आणि प्रत्येक प्रसंगात तुम्ही कोणाकडे तरी काही मागता. मित्राकडे मोठी मदत मागता, महत्त्वाच्या प्रसंगाला आईवडिलांना या म्हणता. प्रत्येक प्रसंगाला दोन आकडे द्यायचे, दोन्ही एक ते सहा. पहिला, समोरचा काय म्हणेल याची तुम्हाला किती धाकधूक वाटते. दुसरा, तो ‘हो’ म्हणेल असं किती वाटतं. मग दुसरा आकडा सातातून वजा करायचा, म्हणजे ती नकाराची अपेक्षा झाली, आणि तिने पहिल्याला गुणायचं. सगळ्या प्रसंगांची सरासरी म्हणजे तुमचा गुण.

हा गुणाकार मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. हळदीकुंकवाचा प्रसंग मी तसा मांडून पाहिला. ‘मला बोलावशील का’ असं मैत्रिणीला विचारायचं झालं तर माझी धाकधूक पाच, होकाराची आशा दोन. सातातून दोन गेले पाच, पाच पाचे पंचवीस. आता बँकेत कर्जाचा अर्ज करायचा झाला तर आशा दोनच, पण धाकधूक एक. एक पाचे पाच. आणि मुलीला विमानतळावर न्यायला ये म्हणायचं झालं तर धाकधूक पाच, कारण तिचं ‘नाही’ मला लागेल, पण ती येईल याची खात्री सहा. पाच एके पाच. नकार येईल असं नुसतं वाटणं म्हणजे हा हळवेपणा नव्हे, आणि नुसती धाकधूकही नव्हे. दोन्ही एका जागी आले की आकडा चढतो. माझ्यात ते दोन्ही नेमके अशा माणसांपाशी एकत्र येत होते, ज्यांची मला गरज होती. अनोळखी कारकुनाशी मी बिनधास्त भांडत होते आणि मैत्रिणीला एक साधा प्रश्न विचारत नव्हते.

त्याच अभ्यासात एक छोटा प्रयोग होता. सहभागी व्यक्तीची एका अनोळखी व्यक्तीशी ओळख करून देत, दोघं थोडं बोलत. मग काहींना सांगत की वेळ संपला, दुसरी फेरी होणार नाही. काहींना सांगत की समोरच्याला पुढे बोलायचं नाही, आणि त्याचं कारण देत नसत. वेळ संपल्याचं कळल्यावर हळव्या आणि न-हळव्या माणसांत फरक दिसला नाही. कारण न देता थांबवलं तेव्हा हळवी माणसं जास्त दुखावली. म्हणजे त्यांना सगळंच लागतं असं नाही. जिथे रिकामी जागा सोडलेली असते, तिथे ती स्वतःचं कारण लिहितात. माझी मैत्रीण, ॲलीपलीकडची बाई, उशिरा आलेलं एखादं उत्तर, या सगळ्या रिकाम्या जागा मी एकाच मजकुराने भरत आले होते.

पण या रिकाम्या जागांमधून खरोखरचं अंतर कसं तयार होतं? रिबेका कर्टिस आणि किम मिलर यांचा १९८६ चा प्रयोग मला इथे जास्त उपयोगी वाटला. त्यांनी अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या, थोडी ओळख होऊ दिली आणि मग जोडीतल्या एकाचा समज करून दिला की तू समोरच्याला आवडलास, किंवा आवडला नाहीस. समोरच्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरी आवडनिवड काय होती याचा त्या समजाशी संबंधही नव्हता. दोघं पुन्हा बोलायला बसले. ‘आपण आवडलो नाही’ असं ज्याला वाटत होतं तो स्वतःबद्दल कमी बोलला, जास्त वेळा असहमत झाला, त्याचा सूर कोरडा राहिला. आणि संभाषणाच्या शेवटी तो समोरच्याला खरोखरच कमी आवडला. हे मी वाचलं तेव्हा मला रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली मी आठवले.

डाउनी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली हेच प्रेमात असलेल्या जोडप्यांमध्ये तपासलं. जोडप्यांनी काही आठवडे रोज वेगवेगळी डायरी लिहिली. ज्या दिवशी भांडण नव्हतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हळव्या स्त्रियांचे जोडीदार इतरांपेक्षा जास्त नाराज नसत. भांडणानंतरच्या दिवशी मात्र असत. प्रयोगशाळेत त्यांना वादाच्या विषयावर बोलायला सांगून चित्रण केलं तेव्हा दिसलं की हळव्या स्त्रियांच्या बोलण्यात नकारात्मक सूर, टोमणे, नापसंती जास्त होती, आणि चर्चेनंतर जोडीदाराचा राग वाढण्याचं बरंचसं कारण त्या वागण्यातच सापडत होतं. म्हणजे रोजचं नातं मुळात बिघडलेलं नव्हतं. ते धोक्याच्या क्षणी बिघडत होतं. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने एवढंच विचारलं, ‘टोमणे हा शब्द त्यांनी वापरलाय की तू?’

आता माझ्या जुन्या मतातल्या खऱ्या भागाकडे येते. २४ ऑगस्ट २०२२ च्या रात्री प्लेनोतल्या एका रेस्टॉरंटच्या पार्किंग लॉटमध्ये जेवून बाहेर पडलेल्या चार भारतीय-अमेरिकन महिलांवर एका बाईने वंशद्वेषी शिवीगाळ केली, हात उगारला, भारतात परत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तिला अटक केली. त्या घटनेचं चित्रण आमच्यापैकी प्रत्येकीच्या फोनवर होतं. पुढचे कित्येक आठवडे पार्किंग लॉटमध्ये मी मराठी हळू आवाजात बोलत होते. तेव्हा जर कोणी मला म्हटलं असतं की ‘नकार तुझ्या मनात आहे’, तर मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि आजही पाठवीन. त्या चौघींनी काहीही ओढवून घेतलं नव्हतं.

डाउनी यांच्या मांडणीतही हा हळवेपणा हवेतून येत नाही. खरोखर झिडकारलं गेल्याच्या अनुभवातून तो शिकला जातो. रोडोल्फो मेंडोझा-डेंटन यांनी डाउनी आणि इतरांसह २००२ साली काळ्या विद्यार्थ्यांवर जो अभ्यास केला, त्यात वंशामुळे नाकारलं जाण्याची अपेक्षा स्वतंत्रपणे मोजली होती. ज्यांची ती अपेक्षा जास्त होती, त्यांना गोऱ्यांचं बहुमत असलेल्या विद्यापीठात आपलेपणा कमी वाटत होता. भेदभाव खरा असतो हे तिथे गृहीतच आहे. एखाद्याचं सावध असणं आजार ठरवायला ही प्रश्नावली केलेली नाही, तिच्यातला आकडा म्हणजे निदान नव्हे. शिवाय हे काम बहुतेक अमेरिकन महाविद्यालयांतल्या तरुणांवर झालेलं आहे. पन्नाशीच्या, आग्रहाच्या संस्कारात वाढलेल्या बाईला त्यातलं सगळं लागू पडेलच असं मी धरत नाही.

पण पार्किंग लॉट आणि हळदीकुंकू यांत फरक करता येतो, आणि तो करायचा मी टाळत होते. पार्किंग लॉटमध्ये कृती उघड होती, तिचा दुसरा अर्थ लावायला जागा नव्हती, आणि त्या महिला काय करत होत्या याने काही बदलणार नव्हतं. माझ्या बाबतीत कृती संदिग्ध होती, अर्थ मी भरला होता, आणि उत्तर येण्याआधीच माझा सूर बदललेला होता. हा शेवटचा भाग मला सगळ्यात खात्रीची खूण वाटतो. समोरच्याने काही स्पष्ट करण्याआधी माझे निरोप आखूड झाले असतील, तर मी नकाराला उत्तर देत नसते, मी नकाराची सुरुवात करत असते. दुसरी खूण अशी की मी जे विचारलं ते समोरच्याला प्रश्न म्हणून ऐकू येईल असं होतं का? ‘सवड झाली तर ये’ याला कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही, तसंच ‘हो’ही म्हणू शकत नाही. त्या वाक्याने नकारापासून वाचवलं मला, आणि पाहुणी यायची ती आली नाही.

त्यामुळे बदल केला तो फार थोडा आणि बराचसा व्याकरणातला. आता बोलावते तेव्हा वार आणि वेळ सांगते, आणि तू आलीस तर मला आवडेल असं म्हणते. हे शेवटचं वाक्य अजूनही जड जातं. कोणी बोलावलं तर त्याच दिवशी हो किंवा नाही सांगते. नाही म्हणायचं असेल तर कारण देते, म्हणजे समोरच्यालाही रिकामी जागा भरावी लागत नाही. ॲलीपलीकडच्या बाईला मी एका शनिवारी चारला चहाला या म्हटलं. ती म्हणाली, ‘शनिवारी नातवंडं असतात, जमणार नाही.’ पूर्वी मी इथेच थांबले असते. मी विचारलं, ‘मग बुधवारी?’ ती आली. तिने मला विचारलं की तुम्ही लोक सण कोणाबरोबर साजरे करता, तुमच्याकडे बाहेरच्या माणसांनी येणं चालतं का. म्हणजे इतकी वर्षं तीही माझ्या दाराकडे पाहून काहीतरी गृहीत धरत होती.

नवा उपाय नेहमी फळतो असं नाही. आमच्या रस्त्यावरच्या एका कुटुंबाला मी दिवाळीला बोलावलं, त्यांनी स्पष्ट, कोरडं ‘नाही’ म्हटलं, आणि नंतर रस्त्यात भेटल्यावरही ते तसेच कोरडे आहेत. तिथे मी पुन्हा विचारणार नाही. त्या ‘नाही’ने मला जितका त्रास झाला, त्याहून कितीतरी जास्त त्रास मी न विचारलेल्या प्रश्नांमुळे करून घेतला होता. आणि मैत्रिणीबरोबरची पूर्वीची ये-जा परत आलेली नाही. मधल्या काळात तिचं दुसऱ्या चौघींशी घट्ट जमलं, जे होणारच होतं. ती आता मला बोलावते, मी जाते, शेवटपर्यंत थांबते. पण तिच्याकडची ती पहिली खुर्ची आता दुसरीची आहे.

नव्याने आलेल्या मुलींना मी अजून पोहे करून घालते. सावध राहा हे सांगते, कारण या गावात त्याची गरज पडू शकते. पण कोणी बोलावलं तर ‘बघते’ म्हणू नका, हेही सांगते. आणि जिने मला धन्यवाद दिले होते, तिला फोन करून मी कळवलं आहे की माझा तो सल्ला अर्धा होता, उरलेला अर्धा ऐकायला बुधवारी सहा वाजता ये, तू आलीस तर मला आवडेल.